मोटर रात्री जळली, रिव्ह्यू पहाटे लिहिला

प्रश्न: काही वाईट घडलं की राग ताजा असतानाच रिव्ह्यू लिहावा, तोच खरा असतो, असं मला वाटतं. लोक म्हणतात थांबून लिहा. थांबल्याने नेमका काय फरक पडतो? आणि रागात लिहून टाकलाच असेल तर तो नीट कसा मांडायचा?

उत्तर:

माझाच असा एक रिव्ह्यू आहे, तो उघडून दाखवतो.

चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. मे महिना, मृगबागेवर घड लगडलेले, आणि विहिरीवरची पाच एचपीची थ्री फेज मोटर जळली. तालुक्याच्या गावात एका दुकानात रिवाइंडिंग करून घेतली, 4,800 रुपये मोजले. नवव्या दिवशी, रात्रपाळीच्या लाईटवर, ती पुन्हा जळली. पहाटे मळ्यात गेलो तर मोटरीला हात लावता येत नव्हता आणि वार्निशचा जळका वास पार बांधापर्यंत येत होता. तिथंच बसून एक स्टार दिला आणि लिहिलं:

"एक नंबरचे चोर. हलकी तार भरतात. 4,800 घेतले आणि नऊ दिवसांत मोटर भंगार. शेतकऱ्याच्या जिवावर उठलेत. चुकूनही जाऊ नका."

आता यातलं मी डोळ्यांनी पाहिलेलं किती? फक्त मधलं वाक्य. मोटर मी उघडलीसुद्धा नव्हती, तरी तार हलकी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं! राग माणसाला मुद्दाम खोटं बोलायला लावत नाही, पण त्याला कारण नको असतं, गुन्हेगार हवा असतो, आणि तोही लगेच. जे मला पहाटे साडेपाचला माहीत असणं शक्यच नव्हतं, तेच मी सगळ्यात ठामपणे लिहिलं होतं.

दुपारी मोटर घेऊन भांडायलाच गेलो. दुकानातल्या पोराने झाकण काढलं, बॅटरी मारली आणि म्हणाला, "दादा, दोन फेज जयी गयात, तिसरा चांगला शे." मी वाकून पाहिलं. दोन फेजची कॉइल कोळशासारखी काळी, तिसऱ्याची तार अजून लालसर चकाकत होती. आमच्या मोटरीच्या तिन्ही कॉइल आतून स्टार पद्धतीने जोडलेल्या आहेत. अशा मोटरीला चालू असताना एक फेज मिळेनासा झाला की सगळा भार उरलेल्या दोन फेजांवर येतो. ते जळतात आणि तिसरा कोरा राहतो. तार खराब असती किंवा भरताना इन्सुलेशन सोललं गेलं असतं, तर बहुतेक वेळा एकाच जागी शॉर्ट होऊन तेवढाच भाग काळा पडतो. आणि कमी व्होल्टेजवर मोटर रेटली असती तर तिन्ही फेज सारखेच करपले असते. म्हणजे रात्री लाईट दोन फेजवर आली होती.

मग स्टार्टरने मोटर बंद का केली नाही? घरी येऊन पाहिलं तर जास्त भार आला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेच्या दोन्ही टोकांना तारेचा तुकडा जोडलेला. दुपारी व्होल्टेज पडलं की रिले सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून धाकट्या भावाने तो महिन्यापूर्वी डायरेक्ट करून टाकला होता. एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आमच्याकडे नव्हताच.

मग दुकान निर्दोष का? नाही, आणि रागातल्या रिव्ह्यूचं खरं नुकसान इथंच आहे. पहिल्यांदा मोटर जळली तेव्हाही दोनच फेज गेले होते. पोराने ते तेव्हाच पाहिलं होतं, पण मी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. एका वाक्यात सांगितलं असतं तर दुसरी खेप टळली असती. शिवाय गुरुवारी देतो म्हणून मोटर शनिवारी दिली, पक्कं बिल दिलं नाही, आणि जळकी तांब्याची तार परस्पर ठेवून घेतली, जिचे भंगारात चांगले पैसे येतात. या चारही तक्रारी खऱ्या होत्या आणि "चोर" या एका शब्दाखाली चारही गाडल्या गेल्या होत्या. दुसरीकडे, दुसऱ्या खेपेला त्यांनी मजुरी घेतली नाही, फक्त तारेचे आणि वार्निशचे 2,900 घेतले. बिघडल्यावर दुकानदार कसा वागतो हे तर पुढच्या गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी कळायला हवं, आणि पहाटे लिहिताना ते अजून घडलेलंच नव्हतं.

वाचणाऱ्यांच्या बाजूनेही हे तपासलं गेलंय. यिन, बाँड आणि झांग या संशोधकांनी 2014 मध्ये MIS Quarterly या संशोधन पत्रिकेत दाखवलं, की चिंतेने लिहिलेल्या रिव्ह्यूपेक्षा रागाने लिहिलेला रिव्ह्यू लोकांना कमी उपयोगी वाटतो, कारण लिहिणाऱ्याने विचार केलेला नाही असं त्यांना वाटतं. गंमत म्हणजे त्याच तिघांच्या 2021 च्या अभ्यासात असंही निघालं, की उपयोगी वाटला नाही तरी तो मन मात्र फिरवू शकतो. म्हणजे वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, दुकानाला फटका मात्र बसतो.

याचा अर्थ त्या रात्री काहीच लिहू नये असा नाही. उलट लिहावंच, पण स्वतःच्या वहीत किंवा स्वतःलाच व्हॉट्सअॅप करून. जळल्याची वेळ, स्टार्टरचा फोटो, दिलेले पैसे, कोण काय म्हणालं त्याचे नेमके शब्द. हे तपशील दोन दिवसांत निसटतात. निष्कर्षाची घाई नाही. तो कारण कळल्यावर आणि दुकानाचं उत्तर आल्यावर लिहायचा. मला चार दिवस लागले.

आधीच टाकला असेल तर पुसू नका, बदला. गुगल मॅपवर जुना रिव्ह्यू नंतर एडिट करता येतो. मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: हे मी पाहिलं की ठरवलं? ठरवलेलं काढलं किंवा "मला वाटतं" लावून शेवटी नेलं. सुरुवातीला काम काय होतं आणि किती पैसे दिले ते, मग तारखेच्या क्रमाने काय घडलं, मग दुकानाने काय केलं. तयार झालं ते असं:

"पाच एचपी थ्री फेज, रिवाइंडिंग 4,800. सांगितलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशीर. नवव्या दिवशी पुन्हा जळली. कारण एक फेज गेला होता आणि आमच्याकडे रिले डायरेक्ट केलेला होता, तार भरण्यात दोष दिसला नाही. पण पहिल्या वेळीही हेच कारण होतं आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही, मोटर का जळली ते विचारून घ्या. पक्कं बिल मागा. जुनी तार परत हवी असेल तर आधीच ठरवा. दुसऱ्यांदा मजुरी घेतली नाही. तीन दिवस पाणी नव्हतं, माझे घड सटकले, तो राग अजून आहे."

स्टार तीन केले. शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. झळ किती बसली हीसुद्धा माहितीच आहे, फक्त ती कारणाच्या जागी बसवायची नाही.

कारण कधीच कळलं नाही तर "कारण कळलं नाही" असंच लिहावं. थांबायचं नाही ते एकाच वेळी, जिवाला धोका असेल तेव्हा. मोटरीच्या बॉडीला करंट येत असेल तर कारण शोधत बसू नका, जे पाहिलं तेवढ्या दोन ओळी लगेच टाका.

भावाने नवा रिव्ह्यू वाचला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. "रिले डायरेक्ट केल्याचं जगाला सांगायची काय गरज होती?" तिसऱ्या दिवशी तो स्वतःच प्रिव्हेंटर घेऊन आला.