कोथिंबीर, फ्रिज आणि तुझे नऊ महिने

अगं, दिवस गेलेत म्हणून मांजरीला लगेच माहेरी पाठवू नकोस. तिची शी रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी काढायची, कारण त्यातली टोक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूची अंडी बाधा करण्याइतकी तयार व्हायला निदान एक दिवस लागतो. मला जास्त काळजी कोथिंबिरीची वाटते, कारण ही अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात आणि मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने मरत नाहीत, ती धुऊनच घालवावी लागतात. मी जुडी सोडून मुळं कापते, मोठ्या पातेल्यात बुडवून हलवते आणि पाणी न ओतता पानं वर उचलून घेते, कारण माती तळाला बसते ना, ओतलं की परत पानांवरच. तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत तीन-चारदा, मग नळाखाली. तरीही सध्या वरून भुरभुरवू नकोस, शिजवूनच खा.

लिस्टेरिया या जिवाणूचं वेगळंच, तो फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि भाजीला वास नाही, चव बिघडत नाही, त्यामुळे कळतच नाही. उरलेलं दोन तासांत फ्रिजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी संपव, आणि खाताना कोमट नको, आमटीला चांगली खळखळून उकळी येऊ दे.

बाहेर कढईतून समोर निघालेला वडा खा गं, पण हिरवी चटणी आणि पाणीपुरीचं पाणी नको, त्यात सगळं कच्चंच असतं. आणि ताप, अंगदुखी आली तर साधा फ्लू समजून घरी थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर.