आजोबांचं धोतर मुंडू म्हणून चालेल का?

«केरळी मित्राच्या लग्नाला मुंडू नेसायचा आहे. घरी आजोबांचं धोतर आहे, तेच लुंगीसारखं गुंडाळलं तर चालेल का? की लुंगी, मुंडू सगळं एकच?»

नाही चालणार. मी त्रिशूरला चार वर्षं नोकरीला होतो आणि पहिल्याच लग्नात हाच उद्योग करून बसलो होतो.

आपलं धोतर साधारण साडेचार मीटर असतं, कारण त्याला पायांमधून मागे न्यायचं असतं. कंबरेला गाठ, पुढे निऱ्या, मागे कासोटा, एवढ्यात ते संपतं. कासोटा न घालता नुसतं गुंडाळलंत तर कंबरेभोवती इतके वेढे होतात की पोटावर उशी बांधल्यासारखं दिसतं. माझं तसंच झालं होतं.

मुंडूला कासोटाच नाही. एकेरी मुंडू दोन मीटरच्या आसपास. लग्नाला घालतात तो दुहेरी, चार मीटरच्या जवळपास, पण नेसण्याआधी लांबी निम्मी करून दोन पदरी करायचा. रंग कोऱ्या सुताचा, फिकट पिवळसर पांढरा. काठाला तिथे ‘करा’ म्हणतात. तो जरीचा असला की कसवु. खरी परीक्षा इथेच आहे: दोन्ही पदरांचे काठ एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. जरा सरकले की घोट्यापाशी एकाऐवजी दोन रेघा दिसतात, आणि तिथली माणसं ते लगेच हेरतात.

नेसताना कापड पाठीमागून घ्या. उजवं टोक पोटावरून डावीकडे नेऊन खोचा, मग डावं टोक त्यावरून उजवीकडे ताणून घट्ट खोचा आणि वरची कड बाहेर गुंडाळा. गाठ नाही. (मलबारात बरेच मुसलमान उलट, डावीकडे खोचतात.) बेंबीच्या उंचीवर नेसा. मी जीन्ससारखा खाली नेसलो होतो, जेवायला खाली बसताना तो सुटायलाच आला. धास्ती वाटत असेल तर वेल्क्रोवाला मिळतो, नाहीतर आतून पट्टा लावा. कोणी हसत नाही.

चालताना लोक खालची कड उचलून गुडघ्यापर्यंत दुमडतात आणि कंबरेला बांधतात. तुम्हीही करा, पण नवरीचे वडील समोर आले की आधी सोडा. वडीलधाऱ्यांपुढे दुमडलेला मुंडू उद्धटपणाचा समजतात.

राहिली लुंगी. तिथे तिला कैली म्हणतात. रंगीत, चौकड्यांची, साधारण दोन मीटर, बहुतेक वेळा दोन्ही टोकं शिवून नळकांडं केलेली. ती घरात आणि कोपऱ्यावर चहा प्यायला. लग्नात लुंगी म्हणजे आपल्याकडे बर्म्युडा घालून मांडवात जाणं.

तेव्हा आजोबांचं धोतर कपाटात राहू द्या. पिवळसर पांढरा दुहेरी मुंडू घ्या, बारीक काठाचा, आणि आदल्या दिवशी एकदा धुऊन इस्त्री करा. नवा कडक मुंडू कंबरेला धरत नाही.