मनीच्या चिकनमध्ये कॅल्शियम कुठून येणार?

"इंदूरला राहते. माझी मनी साडेतीन वर्षांची, ४ किलोची, ऑपरेशन झालेली, घरातच असते. कोरडं कॅट फूड बंद करून तिला घरचं चिकन द्यायचंय. कच्चं चांगलं की उकडलेलं? नुसतं चिकन पुरतं की आणखी काही लागतं?"

शिजवलेलं द्या. आणि नुसतं चिकन पुरत नाही, मग ते कच्चं असो वा उकडलेलं.

घरच्या खाण्याचा खरा फायदा पाण्याचा आहे. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असतं, मांसात सत्तरच्या पुढे. मांजर मुळात पाणी कमी पिते, त्यामुळे ज्यांना लघवीचा किंवा बद्धकोष्ठाचा त्रास होतो त्यांना ओलं खाणं मानवतं. पण हा फायदा शिजवलेल्या चिकनमध्येही तेवढाच मिळतो. कच्च्यात त्याहून वेगळं काही पदरात पडत नाही, धोका मात्र वाढतो. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू तिच्या पोटातून तुमच्या ओट्यावर, हातांवर येतो. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला होता. फ्रीझरमध्ये ठेवून साल्मोनेलाही मरत नाही आणि हा विषाणूही मरत नाही. शिजवल्यावर दोन्ही मरतात. म्हणून कच्चं देऊ नका असं मी स्पष्टच सांगेन.

आता नुसत्या चिकनचं काय बिघडतं ते पाहा. एक किलो बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस साधारण २ ग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम ०.१ ग्रॅम. मांजरीला ही दोन्ही जवळपास बरोबरीनं लागतात, कॅल्शियम किंचित जास्तच. रानातली मांजर उंदीर हाडांसकट खाते, तिथे हिशेब जुळतो. आपण हाडं काढून देतो आणि तो पार बिघडतो. मग शरीर रक्तातली पातळी राखण्यासाठी हाडांतून कॅल्शियम ओढत राहतं. यातली फसवी गोष्ट अशी की रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम बरेचदा ठीकच दिसतं. पिल्लांमध्ये काही आठवड्यांतच कळतं: पिल्लू लंगडतं, उडी मारायचं टाळतं, उचललं की ओरडतं, आणि एक्स-रेमध्ये हाडं फिकी दिसतात. तुमच्या मनीच्या वयात हेच हळूहळू होतं, त्यामुळे लक्षात यायला उशीर लागतो.

दुसरी अडचण टॉरिन या अमिनो आम्लाची. मांजरीचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही, मांसातूनच मिळवतं. टॉरिन पाण्यात विरघळतं. चिकन भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून दिलं की त्यातला मोठा भाग मोरीत जातो. महिनोन् महिने कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू ढिला पडून हृदय फुगतं. हृदयाचा हा आजार टॉरिन कमी पडल्यानं होतो आणि ते दिल्यावर सुधारू शकतो, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. मनी गाढ झोपलेली असताना एका मिनिटात किती वेळा पोट वर-खाली होतं ते मोजायची सवय लावा. आकडा सतत ३० च्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवा.

तिच्यासाठी आठवड्याचं खाणं असं बसतं. कातडी काढलेलं बोनलेस लेग पीस ८५० ग्रॅम, कोंबडीची हृदयं १०० ग्रॅम (टॉरिन चांगलं असतं, दुकानदाराला आधी सांगून ठेवलं तर काढून ठेवतो), कोंबडीची कलेजी ५० ग्रॅम आणि दोन अंडी. कलेजी यातून वगळू नका, कारण गाजरातल्या रंगद्रव्यापासून मांजर अ जीवनसत्त्व बनवू शकत नाही, ते मुख्यतः कलेजीतून मिळतं. पण आवडते म्हणून रोज वाटीभरही देऊ नका. अ जीवनसत्त्व साठत जाऊन मानेची हाडं जुळून जातात आणि मग तिला मान वळवता येत नाही.

अंडी दहा मिनिटं उकडा, सोला, कवचं ठेवून द्या. आतला पापुद्रा काढून कवचं तव्यावर कोरडी करा आणि मिक्सरच्या लहान भांड्यात दळा. पूड मैद्यासारखी झाली पाहिजे, बोटांत चोळली तर कचकच लागता कामा नये; लागली तर चाळून पुन्हा दळा. एवढ्या मिश्रणाला ६ ग्रॅम पूड लागते. चमच्यानं अंदाज घेऊ नका, छोटा डिजिटल काटा घ्या. उरलेली पूड पुढच्या वेळी वापरता येते.

मांस वाटीभर पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा, आतून गुलाबीपणा गेला की उतरवा. पाणी फेकू नका. कांदा, लसूण, मसाला काही नाही. घरच्या रश्श्यातले तुकडे धुऊनही देऊ नका, कारण कांद्या-लसणानं तिच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. अर्धा चमचा आयोडीनचं मीठ घाला. अंडी, पूड आणि शिजवलेलं पाणी एकत्र करून मिक्सरमधून जाडसर फिरवा, म्हणजे तिला कलेजी बाजूला काढता येणार नाही. कोमट झाल्यावर २ ग्रॅम साधी टॉरिन पावडर घाला. जिमवाल्यांच्या फ्लेवर आणि कॅफीन घातलेल्या पावडरी चालत नाहीत.

एवढं करूनही जस्त, मँगनीज, ई आणि बी१ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. त्यासाठी मांजरांसाठी बनवलेला प्रीमिक्स, म्हणजे जीवनसत्त्वं आणि खनिजांची तयार पूड, लागतो. माणसांच्या मल्टीव्हिटॅमिन गोळ्या देऊ नका, त्यांतलं प्रमाण माणसासाठी ठरलेलं असतं. प्रीमिक्सचं लेबल आधी वाचा: कॅल्शियम आणि टॉरिन त्यात असतील तर कवचाची पूड आणि वेगळं टॉरिन घालू नका, दोन्ही मिळून जास्त होतं. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ही यादी वजनांसकट तिथल्या किंवा तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या ११४ पाककृती तपासल्या, त्यांत सगळी पोषकतत्त्वं पुरवणारी एकही निघाली नाही. म्हणून माझी यादीही तपासून घेतल्याशिवाय महिनोन् महिने चालवू नका. पिल्लू, गाभण मांजर किंवा किडनीचा आजार असेल तर ही यादी मुळीच वापरू नका.

तयार मिश्रण तोला आणि सातनं भागा. तो एका दिवसाचा वाटा, सुमारे २०० कॅलरींचा. तीन दिवसांचं फ्रिजमध्ये, बाकीचं फ्रीझरमध्ये ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात वाटीतलं अर्ध्या तासात उचला. दर पंधरा दिवसांनी वजन करून वाटा कमी-जास्त करा.

बदल दहा दिवसांत करा, जुन्या खाण्यात रोज थोडं थोडं मिसळत. भूक लागली की खाईल, असं म्हणून तिला उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवसांच्या उपासानं मांजरीच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकतं, जाड मांजरीत तर लवकरच. एक दिवस तोंड लावलं नाही तर जुनं खाणं परत द्या आणि आठवड्यानं पुन्हा चमचाभरापासून सुरू करा.