पौर्णिमेची सुट्टी मागू नको, डिसेंबरातच सांगून टाक

बेटा,

परवा फोनवर तू म्हणालास, काका, पुढच्या वर्षी पण क्लोजिंगमध्ये कुलदैवताच्या पूजेची पौर्णिमा आली तर आजारी आहे म्हणून मेल टाकून देऊ का? खरं सांगतो, डोकंच फिरलं माझं. अरे, पहिले कॅलेंडर तर उघड.

चैत्र पौर्णिमा २०२४ ला २३ एप्रिलला होती, २०२५ ला १२ ला, यंदा २ ला. चांद्रवर्ष लहान, म्हणून ती दहा-अकरा दिवस मागं मागं सरकत गेली अन् यंदा नेमकी तुमच्या मार्चएंडच्या उरावर येऊन बसली. पण यंदा अधिक ज्येष्ठ आहे ना, म्हणून २०२७ ची पौर्णिमा एकदम पुढं जाते, २० एप्रिल, मंगळवार. आता हे आत्ताच माहीत आहे तर साहेबाला ऐन वेळी कायले सांगायचं? डिसेंबरातच सांग. अन् सांग म्हणतो मी, माग नाही म्हणत.

२०१७ चा आपला दुकानं-आस्थापनांचा कायदा आता वीस अन् त्याच्यावर माणसं असलेल्या ऑफिसला लागतो. त्यात सणाच्या ८ पगारी सुट्ट्या, त्यातल्या ४ ठरलेल्या, बाकी ४ वर्ष सुरू व्हायच्या आधी दोघांनी मिळून ठरवायच्या. तुझ्या एकट्याच्या देवासाठी त्यातली कोणी देणार नाही, ते सोड, पण ती यादी बनते तेव्हाच तुझी तारीख एचआरच्या टेबलावर पाहिजे. सुट्टी जाईल सीएलमधून, वर्षाला ८ असतात पण तीन-तीन महिन्यांनी जमा होतात, म्हणून संक्रांतीलाच उडवून बसू नको.

अन् एक दिवस लिहू नको बाप्पा. सोमवारी नागपूरच्या गणेशपेठेतून एसटी धरशील, यवतमाळला गाडी बदलून गावात पोचेपर्यंत संध्याकाळ. मंगळवारी सकाळपासून गोवऱ्यांचा जगरा पेटवा, रोडगे भाजा, वांग्याची भाजी, नैवेद्य, मग पंगत. त्या दिवशी परत निघता येतच नाही. बुधवार धरून तीन दिवस लिही. दीड दिवसाची सुट्टी घेऊन जाणारा माणूस देवापुढं पण घड्याळच पाहत बसतो, पाहिलेत मी असे.

गावात गुरवाला फोन केल्याशिवाय मात्र तारीख पक्की करायची नाही. यंदा पौर्णिमा १ तारखेच्या सकाळी लागली अन् २ च्या सकाळी संपली, म्हणजे रात्रीची पूजा असणाऱ्यांची १ ला झाली अन् सूर्योदयाची तिथी धरणाऱ्यांची २ ला. पुढच्या वर्षी तो घोळ नाही, तरी विचार.

मला लोक हेकट म्हणायचे. एका साहेबानं याच्यावरून माझं प्रमोशन अडवलं, पण खोटं मेडिकल सर्टिफिकेट मी कधी लावलं नाही, अन् मला त्याचं काही वाटत नाही. बरं, थोडं वाटतं. पण सांगून जाणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही, हे पण पाहिलं मी. आजारी पडून जाणाऱ्याला दरवर्षी नवीन आजार शोधावा लागतो.

मेलमध्ये एकच ओळ लिही, 'मूळगावी कुलदैवताची वार्षिक पूजा, १९ ते २१ एप्रिल', अन् खाली तुझं काम कोण पाहील त्याचं नाव. पाठवायच्या आधी मला दाखव. त्यात तब्येतीचा त जरी दिसला तर फोन उचलणार नाही मी.

तुझा काका