गॅस कमी करणारी गोळी आणि सरांची वही

प्रश्न : माझं वय ४९. डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या काही महिन्यांपासून दिवसभर वारा सरत असतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसायचीही लाज वाटते. एवढं होणं नॉर्मल आहे का? मेडिकलवाल्याने सायमेथिकोन आणि चारकोल असलेली गोळी दिली आहे, ती रोज घेतली तर चालेल का? की खाणंच बदलायला हवं?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मागच्या वर्षी माझ्याकडे आलेले एक सर आठवले. वय ५१, माध्यमिक शाळेत गणित शिकवणारे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पहिल्या भेटीत त्यांच्या पत्नीच बोलत होत्या, सर खाली मान घालून बसले होते. "हे तिसऱ्या तासाला वर्ग सोडून बाहेर जातात. पोरं हसतात म्हणे. आता रिटायरमेंट घेतो म्हणताहेत," बाई म्हणाल्या. पादणं या गोष्टीवर आपल्याकडे हसतात किंवा ती झाकतात, त्यामुळे माणूस महिनोन् महिने कुणाशी बोलत नाही आणि परस्पर गोळ्या घेत राहतो. सरांचंही तेच झालं होतं.

मी त्यांना आधी आकडा विचारला. "सर, दिवसातून किती वेळा?" ते म्हणाले, "सतत." यावरून काही ठरवता येत नाही, म्हणून एक छोटी वही ठेवायला सांगितली. किती वाजता काय खाल्लं, किती वाजता गोळी घेतली आणि वारा सरला की एक रेघ. चार दिवस एवढंच लिहायचं, खाण्यात काही बदल करायचा नाही.

निरोगी माणसाचा वारा दिवसातून साधारण १० ते २० वेळा सरतो, काहींचा २५ वेळांपर्यंतही. सगळा मिळून तो अर्धा ते दीड लिटर भरतो. त्यातला बहुतेक भाग वासहीन असतो. वास येतो तो गंधकयुक्त वायूंच्या अगदी थोड्या अंशामुळे. म्हणून वास जास्त येतो म्हणजे वायू जास्त तयार होतो, असा अर्थ होत नाही. बऱ्याच जणांच्या वहीत १४-१५ रेघा निघतात आणि काळजी तिथेच मिटते. सरांच्या वहीत २७, ३१, २९ आणि ३० निघाल्या. म्हणजे त्यांची तक्रार खरी होती.

आकड्यापेक्षा मला रेघांच्या वेळा महत्त्वाच्या वाटल्या. सकाळी आठला नाश्ता आणि साडेदहा ते बाराच्या दरम्यान रेघांची दाटी. दीडला जेवण आणि चारनंतर पुन्हा दाटी. ढेकर जवळपास नव्हते. खाताना गिळलेली हवा बहुधा ढेकर होऊन वरून निघते. खाल्ल्यानंतर दोन-तीन तासांनी खालून वायू वाढत असेल, तर न पचलेलं काहीतरी मोठ्या आतड्यात पोहोचतंय आणि तिथले जिवाणू ते आंबवताहेत, असा माझा पहिला अंदाज असतो. इडलीचं पीठ रात्रभरात फुगतं, तसंच.

मग न पचता पुढे काय जात होतं? सरांना चार महिन्यांपूर्वी डायबेटिस निघाला होता आणि त्यांनी तो फार मनावर घेतला होता. सकाळी पोह्यांऐवजी मोठी वाटी कच्चे मोड आलेले मूग. संध्याकाळी भाजलेले चणे. चहासोबत शुगर-फ्री बिस्किटं. तंबाखू सोडली होती, म्हणून दिवसाला पाच-सहा शुगर-फ्री च्युइंगम. आणि दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी मेटफॉर्मिनच्या जोडीला नाश्ता आणि दोन्ही जेवणांबरोबर घ्यायची वोग्लिबोज नावाची गोळी सुरू केली होती. त्रास कधी वाढला, असं विचारल्यावर बाईंनी बोटांवर मोजून सांगितलं, "गणपती झाले, त्यानंतर." गोळीही तेव्हाचीच होती.

वोग्लिबोज काय करते हे कळलं की पुढचं सगळं उलगडतं. पिष्ट आणि साखर यांचे लहान तुकडे करणारी जी पाचकद्रव्यं लहान आतड्यात असतात, त्यांना ही गोळी अडवते. त्यामुळे जेवणानंतर रक्तातली साखर एकदम उसळत नाही. गोळीचं काम तेच आहे. पण न तुटलेला भाग पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथे त्याचा वायू होतो. आकार्बोज ही तिच्याच कुळातली गोळी, तिचंही असंच. मेटफॉर्मिननेही काहींना पोटाचा त्रास होतो. कडधान्यांतल्या काही साखरा तर कुणालाच लहान आतड्यात पचत नाहीत, आणि च्युइंगम व शुगर-फ्री पदार्थांतलं सॉर्बिटॉल अर्धवटच शोषलं जातं. सरांच्या पोटात हे सगळं एकाच वेळी येऊन पडत होतं.

आता तुम्ही विचारलेल्या गोळीबद्दल. सरांकडेही तीच होती. जेवण झालं की लगेच एक, असं त्यांनी तीन आठवडे केलं आणि फरक पडला नव्हता.

सायमेथिकोन वायू तयार होणं थांबवत नाही आणि झालेला वायू नाहीसाही करत नाही. ते फेस मोडतं. बारीक बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात आणि सुटायला सोपे जातात. एन्डोस्कोपीच्या आधी पोटातला फेस घालवायला डॉक्टर ते देतात, कारण तिथे ते छान काम करतं. ते रक्तात शोषलं जात नाही, त्यामुळे बहुतेकांना त्याचा अपायही होत नाही. जेवणानंतर वरचं पोट गच्च वाटत असेल तर काहींना बरं वाटतं. पण मोठ्या आतड्यातला वायू फेसाच्या रूपात नसतो. तिथल्या रेघा त्याने कमी होतील, अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

चारकोलचं प्रकरण जरा वेगळं आहे. सक्रिय कोळशाच्या अंगाला असंख्य बारीक छिद्रं असतात आणि त्यात अनेक पदार्थ चिकटून बसतात. विषबाधेत तो याच गुणामुळे मोठ्या मात्रेत देतात. पण मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचेतो वाटेतलं अन्न आणि पाचकरस त्याच्या छिद्रांत आधीच भरलेले असतात. वायू कमी होतो का, हे पाहणाऱ्या चाचण्यांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. काहींत फायदा दिसला, काहींत अजिबात नाही. युरोपमध्ये हा दावा करायला परवानगी आहे, पण जेवणाआधी किमान ३० मिनिटं १ ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच १ ग्रॅम, एवढी मात्रा असेल तरच. सरांच्या पाकिटावर एका गोळीत २५० मिलिग्रॅम लिहिलं होतं. म्हणजे त्या मात्रेला एका जेवणामागे आठ गोळ्या लागल्या असत्या, आणि मी तसं कुणालाही करू देणार नाही.

कारण कोळसा औषधांनाही चिकटतो. इतर बऱ्याच औषधांबाबत दोनेक तासांचं अंतर ठेवून निभावता येतं. पण वोग्लिबोजचं काम जेवणाच्या वेळीच आतड्यात चालतं आणि सर चारकोल जेवणानंतर लगेच घेत होते. म्हणजे साखरेची गोळी जिथे काम करणार, तिथेच कोळसा तिला धरून ठेवण्याची शक्यता. सरांच्या जेवणानंतरच्या साखरेत सुधारणा दिसत नव्हती आणि डॉक्टर मात्रा वाढवायच्या विचारात होते. चारकोलबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कोळशाने बद्धकोष्ठ होतं, शौच काळी होते. आतड्यात रक्तस्राव झाला तरीही शौच काळी होते, त्यामुळे खरं लक्षण त्याखाली झाकलं जाऊ शकतं. हे ऐकून सरांनी पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि परत नेलं नाही.

बदल आम्ही एकेक करून केले. सगळं एकदम बदललं की कशाने फरक पडला ते कळत नाही. पहिल्या आठवड्यात च्युइंगम आणि शुगर-फ्री बिस्किटं बंद. तोंडात चघळायला लवंग. रेघा २४-२५ वर आल्या.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, वहीची पानं जोडून. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, हे सरांना दोनदा बजावलं. हा त्रास बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत आपोआप कमी होतो आणि मात्रा हळूहळू वाढवली तर मुळातच कमी होतो. डॉक्टरांनी पानं बघून वोग्लिबोज फक्त दुपारच्या जेवणाबरोबर ठेवली आणि तीन आठवड्यांनी साखर पुन्हा तपासली. दहा दिवसांत रेघा १९ झाल्या. तुम्ही ही गोळी घेत असाल आणि सोबत इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणारी दुसरी गोळी असेल, तर खिशात ग्लुकोजची पावडर ठेवा. साखर उतरून घाम सुटला, हातपाय थरथरले, तर या गोळीमुळे साधी साखर पटकन कामाला येत नाही.

तिसरा बदल कडधान्यांचा. ती सोडायला मी सांगितलं नाही, डायबेटिसमध्ये त्यांचा उपयोग आहे. मोठ्या वाटीची अर्धी वाटी केली. मूग १०-१२ तास भिजवायचे, ते पाणी फेकून द्यायचं, मोड आणायचे आणि कच्चे न खाता शिजवून उसळ करायची. वायू करणाऱ्या साखरांचा काही भाग त्या पाण्यात उतरतो, काही मोड येताना खर्च होतो. चणे, छोले, राजमा, वाल आठवड्यातून दोनदाच, आणि एका दिवशी एकच. हिंग-ओव्याची फोडणी बाई आधीपासून घालत होत्या. ती घाला, चवीला उत्तम आहे, पण भिजवलेलं पाणी फेकण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

सरांना दुधाचाही संशय होता. आम्ही दोन आठवडे दूध बंद ठेवून पाहिलं, रेघा तेवढ्याच राहिल्या, दूध पुन्हा सुरू केलं. तुमच्या वहीत दुधानंतर रेघा वाढत असतील तर ही चाचणी जरूर करा. दूध न झेपणाऱ्या अनेकांना दही चालतं. दुपारच्या जेवणानंतर शाळेच्या मैदानावर १५ मिनिटं चालायचं, एवढं शेवटी जोडलं. चालण्याने वायू कमी तयार होत नाही, पण तो अडकून न राहता पुढे सरकतो, आणि वर्गाबाहेर मोकळा होतो.

दहाव्या आठवड्यात रेघा १३ ते १६ होत्या.

हे सगळं सुरू करण्याआधी मी सरांना काही गोष्टी विचारल्या होत्या, त्या तुम्हीही स्वतःला विचारा. कारण नसताना वजन उतरलंय का? शौचातून रक्त जातंय का? शौचाची सवय काही आठवडे बदललेली आहे का, किंवा रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागतं का? पोटात सतत दुखतं का, उलट्या होतात का, तपासणीत रक्त कमी निघालंय का? यातल्या एकालाही "हो" असेल तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. घरातल्या चाळिशी-पन्नाशीपुढच्या बाईचं पोट दोन-तीन आठवडे रोजच फुगलेलं राहत असेल, तर तिला "गॅस झालाय" म्हणून घरी ठेवू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

सरांच्या बाबतीत सगळी उत्तरं "नाही" होती, म्हणूनच आम्ही वहीपासून सुरुवात करू शकलो. तुमच्या गोळ्यांची नावं तुम्ही लिहिलेली नाहीत. पाकिटं काढून वोग्लिबोज, आकार्बोज किंवा मेटफॉर्मिन ही नावं शोधा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना मेडिकलवाल्याने दिलेली गोळीही सोबत न्या.