शेंग, बोंड आणि पंखफळ: फोटोतल्या सुक्या फळांना काय म्हणावं?

प्रश्न: "खानापूरच्या रानात गोळा केलेल्या सुक्या फळांचा फोटो पाठवतोय. हातभर लांब चपटी टेटूची शेंग आहे, शेवग्याची वाळलेली शेंग आहे, पाच पंखांचं ऐनाचं फळ आहे आणि बिबळ्याची गोल चकती आहे. शाळेतल्या तक्त्यासाठी लेग्यूम, कॅप्सूल आणि विंग्ड सीड यांना मराठीत काय लिहावं? आमच्याकडे सगळ्याला शेंगच म्हणतात."

या चारांत शास्त्राच्या अर्थानं शेंग एकच आहे, आणि ती म्हणजे बिबळ्याची गोल चकती. टेटू आणि शेवगा या दोघांची फळं बोंडं, म्हणजे कॅप्सूल, आहेत. ऐनाचं फळ ना शेंग, ना बोंड, ते पंखफळ.

बोलीतला 'शेंग' हा शब्द आकारावरून आला आहे. लांब, चपटं किंवा बारीक, आत ओळीनं बिया, की झाली शेंग. बोलताना यात काही चूक नाही, शेवग्याच्या शेंगांच्या आमटीला कुणी बोंडाची आमटी म्हणणार नाही. तक्त्यावर मात्र शेंग हा शब्द रचनेवरून ठरतो, आणि रचना कळायला फळ उघडावं लागतं.

ओला वाटाणा सोलताना नीट बघा. शेंगेला दोन शिवणी असतात. दाणे त्यांतल्या एकाच शिवणीला बारीक देठांनी चिकटलेले असतात, आणि शेंग उकलली की एक दाणा या फाकेवर, पुढचा त्या फाकेवर असे आळीपाळीनं राहतात. असं होतं कारण अख्खी शेंग एकाच किंजदलापासून, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या एका पानासारख्या घटकापासून, तयार होते. किंजदलाच्या दोन कडा जिथं जुळतात ती एक शिवण, आणि दाणे तिथंच लागतात. समोरची दुसरी शिवण म्हणजे किंजदलाची मधली शीर. एक किंजदल, एक कप्पा, दाणे एका शिवणीला: मराठी विश्वकोशात जिला 'शिंबा' म्हटलं आहे ती हीच शेंग. सुकल्यावर ती आपोआप फुटलीच पाहिजे असं नाही. भुईमूग, चिंच, करंज, बहावा यांच्या शेंगा स्वतःहून उकलत नाहीत, तरी त्या शेंगाच.

आता टेटू. फोटोत ते फळ बंद आहे, त्यामुळे नुसतं बघून गुलमोहराच्या मोठ्या शेंगेशी गल्लत होऊ शकते. दोन्ही लांब, चपटी, लाकडासारखी कडक आणि झाडावर बराच काळ लोंबणारी. सुरीचं टोक कडेला घालून दोन्ही उघडून शेजारी ठेवा, म्हणजे वाद मिटेल. गुलमोहराच्या शेंगेत प्रत्येक बी आपल्या आडव्या खोबणीत निजलेली असते आणि बिया जड, कडक, बिनपंखाच्या असतात. टेटूच्या दोन फाकांच्या मधोमध त्यांना समांतर असा एक पातळ सपाट पडदा निघतो आणि त्या पडद्याच्या दोन्ही अंगांना बिया एकावर एक रचलेल्या असतात. एका किंजदलाच्या शेंगेत असा पडदा असत नाही. इथं दोन किंजदलं जोडली गेली आहेत, आणि एकाहून जास्त किंजदलांचं, सुकल्यावर उकलणारं फळ म्हणजे बोंड. टेटूची बी हातात घेऊन उजेडाकडे धरा. मधे चपटा दाणा आणि भोवती पांढरट, आरपार दिसणारा कागदासारखा पंख; हा पंख देठाकडची बाजू सोडून सगळीकडे असतो. तुमच्या फोटोत 'विंग्ड सीड' म्हणण्यासारखी गोष्ट खरी तर या बंद फळाच्या आत आहे. ती बाहेर काढून फोटोत ठेवलीच पाहिजे.

शेवग्याचं बोंड ओळखायला आणखी सोपं. वाळलेली शेंग मधोमध आडवी कापा आणि काप समोरून बघा. तिथं तीन कोपऱ्यांचा आकार दिसेल, चपटा दिसणार नाही. तीन किंजदलं, म्हणून सुकल्यावर ती लांबीच्या दिशेनं तीन फाकांत उलते. आत पांढऱ्या हलक्या भुशासारख्या गाभ्यात तपकिरी गोल बिया एका ओळीत असतात, आणि प्रत्येक बीला तीन पातळ पंख असतात. भाजीच्या कोवळ्या शेंगेत हे पंख लक्षात येत नाहीत, म्हणून पुष्कळांना शेवग्याच्या बीला पंख असतात हे ऐकून नवल वाटतं. शेवग्याचं कूळही वेगळं, शेंगावर्गीय वनस्पतींशी त्याचं नातं नाही.

म्हणजे टेटू आणि शेवगा या दोघांत फळ बोंड आणि बी पंखाची. फळ उकलतं, रिकामं झाडावर राहतं आणि बिया एकेक करून वाऱ्यावर जातात. ऐनात हे उलट घडतं. ऐनाचं फळ उकलतच नाही. अख्खं फळ पंखांसकट गळतं आणि बी आतल्या कडक कवचात बंद राहते. बघायची असेल तर हातोडीच घ्यावी लागेल. पंख इथं फळाच्या सालीचे आहेत, बीचे नाहीत. म्हणून ऐनाखाली 'पंखाची बी' लिहिणं चूक ठरेल, 'पंखफळ' लिहा. पुस्तकी शब्द हवा असेल तर 'सपक्ष फळ'. पंख कुणाचा, फळाचा की बीचा, हा प्रश्न प्रत्येक नमुन्याला विचारला तर तक्त्यावरच्या बहुतेक चुका टळतात.

ऐनाबद्दल एक खात्री करून घ्या. अर्जुनाचं फळही पाच पंखांचंच असतं, आणि फळ ओढ्याकाठी उचललेलं असेल तर ते अर्जुनाचं असू शकतं. पंखावरच्या बारीक रेघा भिंगातून बघा. ऐनाच्या पंखावर त्या मधल्या कण्यापासून कडेपर्यंत जवळजवळ आडव्या जातात, अर्जुनाच्या पंखावर वर वळत जातात. अर्जुनाचे पंखही तुलनेनं अरुंद. किंजळ तर लगेच ओळखू येतो: त्याला एक पंख मोठा आणि दोन लहान.

राहिली बिबळ्याची चकती. ती पंखफळासारखी दिसते, उकलत नाही, वाऱ्यावर जाते. मग शेंग कशी? ती तयार होते एकाच किंजदलापासून. बिबळा शेंगावर्गीय आहे, त्याच्या पिवळ्या फुलाची ठेवण तुरीच्या किंवा चवळीच्या फुलासारखीच असते. त्या शेंगेची कडा भोवती पसरून पंख झाली आणि बी, क्वचित दोन, मधल्या जाड गाठीत राहिली. चकतीच्या काठावर बोट फिरवलं तर एके ठिकाणी लहानसं टोक लागतं; फुलातल्या किंजाच्या दांडीची ती खूण. मी तिच्याखाली 'पंखाची शेंग' लिहीन. रचना आणि रूप दोन्ही त्यात येतात. वावळाची चकती तिच्याशी चुकू नये: ती कागदासारखी पातळ, मधली गाठ लहान, आणि वरच्या टोकाला एक खाच, खाचेच्या दोन बाजूंना दोन टोकं. वावळाचं ते साधं पंखफळ, शेंगेशी त्याचा संबंध नाही.

आता शब्दांविषयी, कारण आपल्या भागात दोन शब्द अडतात. बेळगावात 'शेंगा' म्हटलं की भुईमूगच. शेंगाची चटणी, शेंगाची पोळी म्हणताना कुठल्या शेंगा हे कुणी विचारत नाही, आणि इथल्या कानडीतही भुईमुगाला 'शेंगा'च म्हणतात. तक्त्यावर मोठ्या अक्षरात 'शेंगा' असा मथळा घातला तर अर्धी मुलं भुईमूग शोधतील. म्हणून एकवचन वापरा, 'शेंग', आणि तिच्या शेजारी मुद्दाम भुईमुगाची एक शेंग चिकटवा. ओळखीचा नमुना शेजारी असला की शब्दाचा अर्थ पसरवणं सोपं जातं.

'बोंड' या शब्दाची अडचण याहून मोठी. खानापूर-चंदगडकडच्या मुलाला बोंड म्हणजे काजूचं रसाळ बोंड. ते तर सुकं फळही नाही. तो फुगलेला देठ, खरं फळ म्हणजे त्याच्या टोकाची काजूबी. तरीही मी 'बोंड' हाच शब्द सुचवतो. कापसाचं बोंड सगळ्या मराठी मुलखात माहीत आहे, विश्वकोशातही कॅप्सूलसाठी हाच शब्द आहे, आणि 'संपुट'सारखा संस्कृत शब्द शाळेतल्या मुलाच्या तोंडी बसणार नाही. तक्त्यावर बोंडाच्या रकान्यात पहिला नमुना उकललेल्या कापसाच्या बोंडाचा लावा, मग तीळ, भेंडी, शेवगा, टेटू. भेंडी आडवी कापली की बहुधा पाच कप्पे दिसतात, तो काप बोंडाचा अर्थ चटकन पोचवतो.

मुरुडशेंग कुणी ना कुणी आणेलच, तिचं नाव फसवं आहे. ती शेंगही नाही आणि बोंडही नाही. एकमेकांभोवती पिळलेली ती पाच फळं आहेत, प्रत्येक एका किंजदलाचं आणि एकाच शिवणीवर उकलणारं. अशा फळाला 'पेटिकाफळ' म्हणतात. रुई आणि कुडा याच जातीचे. त्यांच्या बियांना रेशमी केसांचा झुपका असतो. त्याला पंख म्हणू नका, 'झुपक्याची बी' म्हणा.

फोटो पुन्हा काढाल तेव्हा प्रत्येक फळाचे तीन नमुने ठेवा: एक अख्खं, एक आडवं कापलेलं, एक उघडून बिया बाहेर काढलेलं. शेजारी पट्टी ठेवा. नावाखाली दुसऱ्या ओळीत कानडी नावही घाला, ऐनाला मत्ती, बिबळ्याला होन्ने, शेवग्याला नुग्गे. रानात वाट दाखवणारे पुष्कळजण झाडं त्याच नावांनी ओळखतात, आणि मुलं दोन्ही भाषांत विचारू शकतील.