लर्निंग लायसन्स: ॲपवर सराव करताना

ताई, ॲपवर शंभरपैकी शंभर येतात म्हणून निश्चिंत राहू नका. तेच प्रश्न त्याच क्रमाने फिरत असतील, तर आपण चिन्ह नाही, उत्तराची जागा पाठ करतो. माझं तेच झालं होतं. पर्याय हाताने झाका, अर्थ मोठ्याने म्हणा, मगच हात काढा.

चिन्हं पाठ करण्याआधी आकार आणि रंग ओळखा. डावीकडे वळलेला बाण घ्या. लाल कडेच्या गोलात, त्यावर तिरकी रेघ: डावीकडे वळायला मनाई. निळ्या गोलात: डावीकडेच वळायचं, सक्ती. लाल त्रिकोणात: पुढे डावं वळण आहे, सावध राहा. बाण साधारण तोच, अर्थ तीन.

सगळ्यात जास्त गफलत होते ती निळ्या पाटीच्या लाल गोलात. एक तिरकी रेघ म्हणजे पार्किंगला मनाई. माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं. दोन रेघांची फुली असेल तर तेवढंही थांबायचं नाही.

ॲप जुनं आहे का, हे दंडाच्या प्रश्नावरून कळतं. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड २००० रुपये दाखवत असेल, तर ते काढून टाका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो १०,००० पर्यंत गेलाय.

आपल्याकडे १५ पैकी ९ बरोबर हवेत. परीक्षा मराठीत देणार असाल तर सरावही मराठीतच करा, नाहीतर ‘अनिवार्य’ आणि ‘प्रतिबंधित’ यांतच वेळ जातो.